पोराच्या चपलेची बाहेरची कड झिजते: आजार एक, पाय दोन, आणि दोन्ही पायांना ऑपरेशन वेगवेगळं?

चप्पललाईनवाला | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात चप्पल लाईनला आमचं दुकान आहे, आजोबांपासून. गिऱ्हाइकाच्या जुन्या चपलेचा तळ बघून तो कसा चालतो ते मी सांगतो. पण स्वतःच्या पोराची चप्पल तीन वर्षं नुसती बदलत राहिलो, तळ उलटा करून बघितला नाही.

पोरगा १४ वर्षांचा, नववीत. पेठेच्या संघातनं फुटबॉल खेळतो. दोन वर्षांत उजवा घोटा चार वेळा मुरगळला, दर वेळी बाहेरच्या बाजूनं. पायाची कमान इतकी उंच की खालून तीन बोटं आरपार जातात. बोटं मांजराच्या नखांसारखी वाकलेली. अंगठ्याच्या मागच्या गादीखाली आणि पायाच्या बाहेरच्या कडेला मधोमध, अशी दोन ठिकाणी जाड घट्टे. कोल्हापुरी घातली की अंगठा त्याच्या कडीत बसतच नाही, वरच्या वर राहतो. चपलेची टाच बाहेरून पार चिरडलेली.

पहिले डॉक्टर म्हणाले, टाचेमागची शीर आखूड आहे, ती लांब करू, काम झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी तासभर तपासलं, नसांची करंट लावून चाचणी करायला सांगितली आणि निदान दिलं: चारकोट-मेरी-टूथ, नसांचा घराण्यातनं येणारा आजार. इथवर कळलं. पण पुढं म्हणाले की डाव्या पायाला एक ऑपरेशन लागेल आणि उजव्याला त्यात आणखी एक हाड कापावं लागेल.

माझा प्रश्न एवढाच. आजार एकच, पोरगा एकच, नसा दोन्हीकडच्या सारख्याच खराब. मग दोन पायांना दोन वेगळी ऑपरेशनं कशी? डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्या वेळी माझं डोकं ‘घराण्यातनं’ या शब्दापाशीच अडकलं होतं.

रांगडा_७७ | रविवार, रात्री ११.०५

दादा, पहिल्या डॉक्टरचं बरोबर वाटतंय. माझ्या भाच्याचा पाय जन्मापासनं आत वळलेला, त्याची मागची शीर कापून लांब केली, आज पोरगं पळतंय. तुमच्या पोराला उकिडवं बसताना टाच उचलते का बघा. उचलत असेल तर शीर आखूडच. उगंच हाडं कापून घेऊ नका, हाड कापलं की माणूस गेला कामातनं.

ओवीची_आई | सोमवार, सकाळी ७.२०

माझ्या मुलीचे पाय अगदी सपाट आहेत, ओल्या पायाचा पूर्ण ठसा फरशीवर उमटतो. तिलाही बुटात कमानीचा आधार घालायला सांगितलाय. तुम्ही कुठून घेतलात? साडेसहा वर्षांची आहे.

चप्पललाईनवाला | सोमवार, सकाळी ८.००

ताई, आमचं बरोबर उलटं आहे. ठसा घेतला तर पुढची गादी आणि टाच तेवढी उमटते, मधे फरशी कोरडी.

रांगडाभाऊ, टाच उचलते. उकिडवं बसता येतच नाही, मागं कलंडतो.

सुलभा_निवृत्त | सोमवार, सकाळी ९.१५

मी एकतीस वर्षं कुष्ठरोग निर्मूलनाच्या कामात होते, गावोगाव फिरून. पायाची बोटं वाकडी, घट्टे, पाऊल लटकं आणि हाताला लागणारी जाड नस, एवढं वाचलं की माझ्या मनात पहिलं नाव महारोगाचंच येतं. तुमच्या मुलाच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली, हाडाच्या गाठीमागून एक नस जाते, ती दोरीसारखी जाड लागते का? लागत असेल तर आधी तो तपास करून घ्या. गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर पुढचं नुकसान थांबतं. लाजू नका, यात लाजण्यासारखं काही नाही.

अस्थी_मिरजकर | सोमवार, दुपारी २.३०

ओपीडी संपली म्हणून आता लिहितोय. मी हाडांचा डॉक्टर, त्यातही पायांचं काम जास्त. पोराला बघितलेलं नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या जागी बसणार नाही. पण प्रश्न फार चांगला विचारलाय.

आधी सुलभाताईंचं. आपल्या भागात ही शंका घ्यायलाच हवी, आणि नस जाड लागणं चारकोट-मेरी-टूथच्या पहिल्या प्रकारातही होतं. फरक असा, की महारोगात नुकसान ठिकठिकाणी असतं. एक नस गेलेली, शेजारची शाबूत. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. कातडीवर बधिर चट्टा. आणि घोट्याला हातोडी मारली तर पाय सहसा उडतो, कारण त्या आजारात रिफ्लेक्स बऱ्यापैकी टिकतात. घराण्यातल्या आजारात दोन्ही पाय जवळपास सारखे, बधिरपणा बोटांकडून वर मोज्यासारखा चढत आलेला, आणि घोट्याचे रिफ्लेक्स लवकर जातात. नस हाताला लागली तरी दुखत नाही. चप्पलवाले दादा, तुमच्या कागदावर रिफ्लेक्स, कंप आणि नसांचा वेग यांबद्दल काय लिहिलंय तेवढं टाका. नाव-पत्ता असलेला फोटो टाकू नका.

चप्पललाईनवाला | सोमवार, संध्याकाळी ७.५०

डॉक्टरसाहेब, कागद समोर घेऊन उतरवतोय. घोट्याचे रिफ्लेक्स दोन्हीकडे नाहीत, गुडघ्याचे कमी. १२८ चा ट्यूनिंग फोर्क अंगठ्यावर कळत नाही, घोट्यावर थोडा कळतो. हाताच्या नसेचा वेग सेकंदाला २१ मीटर. कातडीवर चट्टा नाही. पाठीचा कणा सरळ. हातात अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधलं मांस ‘किंचित कमी’. हे वाचून आठवलं, पोरगा दुकानाचं कुलूप उघडताना किल्ली दोन हातांनी फिरवतो. आम्ही त्याला आळशी म्हणायचो.

उभं राहून काढलेल्या एक्स-रेवर लिहिलंय: कमानीचा मेअरी कोन उजवा २२, डावा १५. टाचेच्या हाडाचा कोन उजवा ३३, डावा ३१.

अस्थी_मिरजकर | सोमवार, रात्री ९.४५

हातातल्या त्या नसेचा वेग ५० च्या आसपास असायला हवा. ३८ च्या खाली गेला की नसेवरचं वेष्टणच बिघडलंय असं धरतात, आणि सगळीकडे सारखाच विशीत असेल तर आजार घराण्यातला. पायही दोन्ही सारखे आहेत. एकच पाय असा झाला असता तर मी पहिल्यांदा कण्याचा एमआरआय मागितला असता. सुलभाताई, मला वाटतं इथं महारोग बाजूला ठेवता येईल.

आता मूळ प्रश्न. तुम्ही धंद्यातले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो.

पाय चारी बाजूंनी दोऱ्यांनी ओढून धरलेला असतो. या आजारात सगळ्या दोऱ्या एकदम सैल होत नाहीत. पाऊल वर उचलणारी टिबिअलिस अँटीरिअर आणि पाऊल बाहेर वळवणारी पेरोनिअस ब्रेव्हिस, या दोन आधी दमतात. त्यांच्या विरुद्ध ओढणाऱ्या दोन बऱ्याच काळ तगड्या राहतात. त्यातली पेरोनिअस लाँगस घोट्यामागून, तळव्याखालून आडवी जाऊन अंगठ्याच्या लांब हाडाच्या बुडाला धरते आणि ते हाड खाली दाबते. त्याला वर धरणारं कोणी उरलं नाही, म्हणून ते खालीच राहतं. अंगठ्यामागच्या गादीखालचा घट्टा त्यामुळे.

आता पाऊल म्हणजे तिपाई समजा. एक पाय टाच, एक अंगठ्यामागची गादी, एक करंगळीमागची. अंगठ्याकडचा पाय लांब झाला तर तिपाई कुठं कलंडेल? बाहेर. पाऊल जमिनीला टेकवायचं तर टाचेला आत वळावंच लागतं. म्हणजे टाच स्वतः बिघडलेली नसतानाही वाकडी दिसते. समोरून बघितलं तर घोट्याच्या आतल्या बाजूनं टाचेचं मांस डोकावतं, जे सरळ पायात दिसत नाही.

आता खरा सवाल असा. टाच फक्त पुढच्या भागामुळे वळलीय, की इतकी वर्षं वळून वळून तिथंच घट्ट झालीय? हे पायागणिक वेगळं असू शकतं. ठोकळ्यावर उभं करून बघितलं होतं का?

चप्पललाईनवाला | सोमवार, रात्री १०.१०

हो हो! एका लाकडी ठोकळ्यावर उभा केला होता आणि मागून फोटो काढला होता. मला वाटलं उंची मोजतायत.

अस्थी_मिरजकर | सोमवार, रात्री १०.३०

तीच कोलमन ब्लॉक टेस्ट. कोलमन आणि चेस्टनट यांनी १९७७ मध्ये लिहिली आणि आजही तिच्यासारखी साधी, कामाची परीक्षा नाही. टाच आणि पायाची बाहेरची कड अडीच सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर ठेवायची. अंगठ्याकडचा पुढचा भाग ठोकळ्याच्या बाहेर, खाली जमिनीकडे सोडायचा. तिपाईच्या लांब पायाखाली खड्डा केला तसं. मग मागून टाच बघायची. सरळ झाली तर दोष पुढच्या भागात, टाचेच्या हाडाला हात लावायची गरज नाही. वाकडीच राहिली तर टाचेचंही हाड कापून सरकवावं लागतं.

तुमच्या दोन पायांचं उत्तर बहुतेक याच ठोकळ्यावर आहे.

चप्पललाईनवाला | मंगळवार, रात्री ९.००

आज दुकान बंद करून घरी केलं. तळाच्या चामड्याचे तुकडे एकावर एक ठेवून अडीच सेंटिमीटर भरवले, पोराला उभं केलं, बायकोनं मागून फोटो काढले. डावी टाच जरा सरळ वाटली, उजवी अजिबात हलली नाही. म्हणजे उजवा पाय पार घट्ट झालाय का?

नसतंतू_फिजिओ | मंगळवार, रात्री ९.२५

दादा, मी फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरीत बसते. घाई करू नका. चामडं दाबलं जातं, पोराचं वजन आलं की तुमचा अडीचचा ठोकळा दोनचा होणार. घट्ट लाकूड घ्या. दुसरं, दोन्ही पायांवर उभा होता की एका? ज्या पायाची परीक्षा त्याच्यावर वजन यायला हवं, दुसरा नुसता टेकवायचा. तिसरी चूक सगळेच करतात: पोरगा पडायच्या भीतीनं अंगठ्याकडचा भागही ठोकळ्यावरच धरून ठेवतो, किंवा पाऊल बाहेर फिरवतो. मग फोटोत काहीही दिसतं. गुडघ्याची वाटी समोर हवी, आणि कॅमेरा टाचेच्या उंचीला, जमिनीजवळ.

चप्पललाईनवाला | बुधवार, रात्री ९.४०

ताई, तुम्ही सांगितलं तसंच झालं होतं, पोरगा अंगठ्यानं चामडं पकडून उभा होता. आज चामडं कापायचा लाकडी ठोकळा घेतला, अडीचला थोडा कमी होता म्हणून खाली पुठ्ठा घातला. भिंतीला बोट टेकवायला दिलं. टाचेवर मधोमध पेनानं उभी रेघ मारली, पोटरीवर दुसरी.

डावा: जमिनीवर दोन रेघांत स्पष्ट कोन दिसतो, ठोकळ्यावर तो नाहीसा होतो. उलट टाच किंचित बाहेरच जाते.
उजवा: कोन निम्मा होतो, पण राहतो. तीन वेळा केलं, तीनदा तेच.

हे बघताना काय वाटलं ते सांगू का. डावा पाय ठोकळ्यावर माझ्या डोळ्यांसमोर सरळ झाला. बायको म्हणाली, परत कर.

अस्थी_मिरजकर | बुधवार, रात्री १०.५५

रेघा मारायची कल्पना आवडली, मीही मारतो.

मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच काढलंत. डाव्या पायात टाच मोकळी आहे, तिला पुढचा भाग ओढतोय. उजव्यात अर्धा दोष पुढचा आणि अर्धा टाचेत मुरलेला. घोटाही उजवाच मुरगळतो, ते याला धरूनच आहे. तुमच्या डॉक्टरांनी पालथं झोपवून, गुडघा वाकवून टाच हातानं हलवून बघितली असेल. ती बाहेर कितपत जाते ते कळलं की ठोकळ्याच्या उत्तराची खात्री होते.

डाव्याचं काम साधारण असं. तळव्याची घट्ट पट्टी, प्लांटार फॅशिया, टाचेजवळ सोडवायची. अंगठ्याच्या लांब हाडाच्या बुडाजवळ वरच्या बाजूनं पाचरीएवढा तुकडा काढून ते हाड वर आणायचं. १४ वर्षांच्या मुलात या हाडाची वाढीची कूर्चा बुडालाच असते, म्हणून ती उघडी आहे का ते आधी एक्स-रेत बघायचं आणि असली तर तिच्या पुढं कापायचं. मग पेरोनिअस लाँगस तिच्या जागेवरून सोडून शेजारच्या ब्रेव्हिसला शिवायची. याला मी एका दगडात दोन पक्षी म्हणतो: जी दोरी हाड खाली दाबत होती ती सुटली, आणि जी बाहेर ओढायला हवी होती तिला जोर मिळाला.

उजव्याला हे सगळं, आणि टाचेचं हाड बाहेरून तिरकं कापून बाहेर सरकवायचं. ते फार सरकवलं तर घोट्याच्या आतल्या बाजूची नस ताणली जाते, आणि ती नस या मुलात आधीच आजारी आहे. म्हणून हावरटपणा करायचा नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी पट्टी, मग हाडं, शेवटी दोऱ्या ताणून बांधायच्या. हाड वाकडं ठेवून दोरी बांधली तर वर्षभरात ती पुन्हा हरते. पण उलटंही खरं. नुसतं हाड सरळ केलं आणि ओढाताण तशीच ठेवली तर पाय परत तिथंच येतो. पोरं पुन्हा माझ्याकडे येतात ती बहुतेक या दुसऱ्या चुकीमुळे.

रांगडा_७७ | गुरुवार, सकाळी ६.५०

डॉक्टर, सगळं मान्य. पण मागच्या शिरेचं काय? टाच उचलते, उकिडवं बसता येत नाही, हे पोराच्या बापानंच लिहिलंय. शीर आखूड नाही तर मग काय?

अस्थी_मिरजकर | गुरुवार, दुपारी ३.१०

रांगडाभाऊ, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, अर्थ चुकतोय. आणि ही चूक डॉक्टरही करतात.

एक्स-रेतला टाचेचा कोन बघा, ३१ आणि ३३. मागची शीर खरंच आखूड असती तर तिनं टाचेचं हाड मागून वर उचललं असतं आणि हा कोन लहान आला असता. इथं तो मोठा आहे, म्हणजे टाचेचं हाड आधीच पुढच्या टोकाला वर तोंड करून उभं आहे. घोट्याचा सांधा वर जायची जवळपास सगळी जागा वापरून बसलाय. उकिडवं बसताना अडतो तो सांधा, शीर नाही. खाली लोंबतोय तो पायाचा पुढचा भाग.

अशा वेळी शीर लांब केली तर टाच आणखी उभी होते, कमान आणखी वाढते, आणि चालताना मागून रेटा देणारी जी एकच ताकद या मुलांकडे बरी असते तीही जाते. तुमच्या भाच्याचा जन्मजात वळलेला पाय वेगळा, त्यात शीर खरंच आखूड असते. तिथं ते बरोबरच होतं.

शीर कधीच लांब करायची नाही असंही नाही. कमान उतरवल्यावर गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून घोटा पुन्हा तपासायचा. गुडघा सरळ असतानाच अडत असेल तर पोटरीचा वरचा स्नायू थोडा सोडवतात. पण ते नंतर, तपासून.

कागलची_लेक | गुरुवार, रात्री ८.३०

मला हाच आजार आहे, वय ४१. वाचत होते, लिहावं की नको असं झालं होतं.

एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या शहरात माझ्या उजव्या पायाचे घोट्याखालचे तीन सांधे एकत्र जाम केले. तेव्हा सांगितलं, आता पाय कायमचा सरळ. आणि झालाही होता, दहा-बारा वर्षं मस्त चालले. लग्न झालं, दोन मुलं झाली, जोतिबाचा डोंगर पायऱ्यांनी चढले. मग घोटा दुखायला लागला. आता एक्स-रेत घोट्याच्या सांध्यात जागाच उरली नाही म्हणतात. खालचे सांधे हलत नाहीत म्हणून खडबडीत रस्त्याचा सगळा हिसका घोटा घेतो. आणि पाऊल उचलणारी ताकद गेली ती गेलीच, कारण कुणी दोरी हलवलीच नव्हती. पायाला संवेदना कमी, म्हणून दुखायलाही उशिरा लागलं.

डाव्या पायाला काहीच केलं नाही, पट्ट्याचा बूट घालते. खरं सांगायचं तर आज डावा बरा आहे. दादा, सांधे जाम करू म्हणाले तर शंभरदा विचारा.

अस्थी_मिरजकर | गुरुवार, रात्री १०.००

ताई, लिहिलंत ते बरं केलंत. तीन सांधे जाम करण्याचं हे ऑपरेशन त्या काळात सर्रास व्हायचं. वीसेक वर्षांनंतर हे पाय पुन्हा बघितले तेव्हा बरेच तुमच्यासारखे निघाले, शेजारचे सांधे झिजलेले. म्हणून आता ते पार ताठ, दुखऱ्या पायासाठीच मागं ठेवतात. अमेरिकेत आयोवाच्या लोकांनी २००८ मध्ये पट्टी सोडवणं, पहिलं हाड कापणं आणि दोऱ्या बदलणं एवढ्यावर भागवलेल्या ४१ पायांचा सरासरी २६ वर्षांनंतरचा हिशेब छापला. सांधे वाचवले की ते टिकतात, हे त्यातून दिसतं. पण ते पाय मऊ होते, हे विसरू नका. ताठ पायाला तीच मात्रा चालत नाही. आणि आजार पुढं सरकतच राहतो, तो काही ऑपरेशननं थांबत नाही.

नसतंतू_फिजिओ | शुक्रवार, दुपारी १.२०

बोटांबद्दल कुणी बोललंच नाही, पोराला चपलेत त्रास तर त्यांचाच आहे.

दादा, पोराला खुर्चीवर बसवून पाऊल वर उचलायला सांगा आणि बोटांकडे बघा. पाऊल उचलायच्या आधी बोटं ताठ वर येतील. पाऊल उचलणारा स्नायू दमलाय म्हणून बोटं उचलणारे स्नायू त्याचं काम करतात. त्यात तळव्यातले बारीक स्नायू, जे बोटाचं बूड खाली धरतात, तेही गेलेले. मग बुडाशी बोट वर आणि पुढच्या पेऱ्यांत खाली, झाला पंजा. चालताना पाय हवेत असताना तो जास्त दिसतो.

आता तळव्याकडून बोटांमागच्या गादीवर अंगठ्यानं वर दाबा. बोटं सरळ होतात का?

चप्पललाईनवाला | शुक्रवार, रात्री ९.१५

होतात! चार बोटं पूर्ण, अंगठा जवळजवळ.

नसतंतू_फिजिओ | शुक्रवार, रात्री ९.३०

मग अजून मऊ आहेत. कमान उतरली की लहान बोटं बऱ्याचदा आपली आपण सैल होतात. अंगठ्यासाठी मात्र जोन्सचं ऑपरेशन करतात. अंगठा वर ओढणारी शीर पुढून सोडून त्याच्या लांब हाडाच्या मानेत अडकवायची. मग ती अंगठ्याऐवजी पाऊल उचलते. पुढचं पेर मोठ्या माणसात जाम करतात, मुलांत बांधून ठेवतात.

कुठल्या स्नायूला ताकदीचे पाचपैकी किती मार्क आहेत ते कागदावर असेल, बघा. शीर हलवली की एक मार्क जातो, हा आमचा ठोकताळा. पाचाची हलवली तर चारची मिळते. तीनची हलवून काही उपयोग नाही.

चप्पललाईनवाला | शुक्रवार, रात्री ९.५०

आहे. पाऊल वर ४, अंगठा वर ५, पाऊल बाहेर ३, पाऊल आत ५.

सुलभा_निवृत्त | शनिवार, सकाळी ८.४०

आत वळवणारी पाचची आहे तर तीच काढून पुढं आणत नाहीत का? आमच्या रुग्णांच्या लटक्या पावलाला हेच करायचे. पिंडरीच्या दोन हाडांच्या मधल्या पडद्यातून शीर पुढं ओढून पावलाच्या वर बांधायची. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांसाठी शिरा हलवायचं काम उभं केलं, तिथून शिकून आलेले डॉक्टर आमच्या शिबिरांना यायचे. माणसं काठी टाकून चालायला लागायची, मी डोळ्यांनी बघितलंय.

अस्थी_मिरजकर | शनिवार, दुपारी १२.१५

सुलभाताई, हा या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तुम्ही विचारलात. पाऊल पार लटकं असेल तर हो, तेच करतो. या मुलाचं पाऊल अजून ४ आहे. आत्ताच ती शीर पुढं आणावी, कारण तीच पायाला आत ओढत राहणार आहे, असं काही सर्जन म्हणतात. काही म्हणतात थांबा, चांगली दोरी लागेल तेव्हाच खर्च करा. महारोगात गोळ्यांनी आजार थांबला की स्नायूंची आजची स्थिती पुढंही तशीच धरता येते. इथं आजची ४ दहा वर्षांनी किती असेल ते सांगता येत नाही. मी स्वतः चारला थांबतो, पण पालकांना सांगून ठेवतो की पुढं दुसरं ऑपरेशन लागू शकतं. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर त्यांना त्याचं कारण विचारा.

आणि दादा, एक राहिलं. पीएमपी२२ या जनुकाची जादा प्रत हे या आजाराचं सगळ्यात नेहमीचं कारण, आणि ती आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून येते. कधी कधी नव्यानंही होते. तुम्हा दोघांचे पाय कुणी बघितले का?

चप्पललाईनवाला | शनिवार, रात्री ११.३०

आज दुकानातनं आल्यावर बायकोनं मला ठोकळ्यावर उभं केलं.

मी ४४ वर्षांचा. माझा पाय कधी मुरगळला नाही, पण कमान उंच आहे, ती मी घराण्याची देखणी कमान समजत होतो. आमच्या वडिलांना गल्लीत ‘बगळ्या’ म्हणायचे, गुडघ्याखाली काठीसारखे पाय म्हणून. आज टाचांवर चालून बघितलं, चार पावलं पण जमेना. मग माझी जुनी चप्पल उलटी केली. बाहेरची कड झिजलेली, पोराच्या निम्मी, पण तिथंच.

सोमवारी माझीही नसांची चाचणी आहे. धाकटी लेक आठ वर्षांची, तिला अजून काही सांगितलेलं नाही.

कागलची_लेक | रविवार, सकाळी ७.१०

दादा, माझ्या थोरल्यात आलंय, धाकट्यात नाही. मी दोघांनाही सांगितलं. आणि निदान घरातल्या प्रत्येकाच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कॅन्सरवरचं व्हिंक्रिस्टिन नावाचं औषध आपल्याला चालत नाही, नसा एकदम ढासळतात. लागणार नाहीच बहुतेक, पण लिहिलेलं असावं.

नसतंतू_फिजिओ | रविवार, सकाळी १०.००

लेकीला दर वर्षी एकदा टाचांवर चालायला लावा आणि ठोकळ्यावर उभी करा, एवढं पुरे. मोकळी टाच मोकळी असतानाच सापडली तर काम लहान राहतं.

चप्पललाईनवाला | मंगळवार, रात्री १०.२०

डॉक्टरांकडे जाऊन आलो, या वेळी प्रश्न लिहून नेले होते. प्लॅन साधारण इथं सांगितला तसाच आहे. आतली शीर पुढं आणायचं ते ऑपरेशनच्या टेबलवर ठरवणार नाहीत, आत्ता नाहीच म्हणाले. एका वेळी एकच पाय, सहा आठवडे त्या पायावर वजन नाही, मग हळूहळू बूट. दुसरा पाय पाचसहा महिन्यांनी. माझीही चाचणी झाली. वेग २४.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. डॉक्टर म्हणतात उजवा आधी, कारण तो घट्ट होत चाललाय. पोरगा म्हणतो डावा आधी. किक उजव्यानं मारतो, पण सगळं वजन डाव्यावर असतं, आणि डावा पक्का झाला की उजव्याच्या सहा आठवड्यांत त्याच्यावर उड्या मारत तरी फिरता येईल. बायको म्हणते दोन्ही दहावीनंतर.

मिरजकर डॉक्टर, पोराच्या म्हणण्यात काही अर्थ आहे का?

अस्थी_मिरजकर | बुधवार, दुपारी २.४५

आहे. माझ्यासमोर हा युक्तिवाद आजवर कुठल्या पेशंटनं केला नव्हता. पण उजवी टाच ठोकळ्यावर अजून निम्मी तरी सरळ होतेय. ती आणखी घट्ट झाली तर आज जे हाड सरकवून भागतंय त्याच्या जागी उद्या सांधा जाम करायची वेळ येईल. दोन पायांत पाच-सहाच महिन्यांचं अंतर असेल तर डावा आधी घेतल्यानं फार बिघडणार नाही. दहावीनंतरपर्यंत थांबायचं असेल तर मात्र दर तीन महिन्यांनी त्याच ठोकळ्यावर, त्याच रेघा मारून फोटो काढा, आणि उजवीचा कोन वाढला तर परीक्षा बघत बसू नका.